उमटलेला शिक्का आणि चिकटवलेला शिक्का

सदनिका विकताना मागितले जाणारे गृहनिर्माण संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आता अनेकदा ई-मेलनेच येते. खाली जांभळा गोल शिक्का दिसला की खरेदीदार निश्चिंत होतो. मात्र तो शिक्का त्या पत्रावर कधी उमटलेलाच नसेल, ही शक्यता उरतेच. जुन्या पत्राच्या स्कॅनमधील गोल कापायचा, त्यामागचा पांढरा रंग पारदर्शक करायचा आणि ते चित्र नव्या मजकुरावर ठेवायचे, एवढाच हा उद्योग.

खरी गोम आहे ती पांढरा रंग काढण्यात. स्कॅन केलेला कागद निव्वळ पांढरा नसतो आणि शाईही सर्वत्र सारखी गडद नसते. रंग कमी काढला तर शिक्क्याभोवती करड्या ठिपक्यांची झालर राहते. जास्त काढला तर फिकट अक्षरे कुरतडल्यासारखी दिसतात. पडद्यावर पान चौपट मोठे केले की हे लक्षात येते. आपल्याकडे सही शिक्क्यावरून जाते, त्यामुळे जुन्या सहीचा तुकडाही अनेकदा गोलाबरोबर येतो आणि कडेपाशी एकाएकी तुटतो.

समजा, एकाच संस्थेची मार्च आणि ऑगस्टमधील दोन पत्रे हाती आहेत. दोन्ही मूळ आकारात छापून, शिक्क्यावर शिक्का ठेवून खिडकीच्या काचेवर धरावीत. रबरातील खाच प्रत्येक ठशात दिसणारच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण हाताचा दाब, शाईचा ओघळ, एका बाजूची पुसट कडा हे सारे जसेच्या तसे पुन्हा येत नाही. तेही तंतोतंत जुळले, तर दोन्हीकडे एकाच ठशाचे चित्र आहे असे समजावे.

छापील पत्र असल्यास साधे भिंग पुरते. शिक्क्याची शाई कागदात मुरलेली, सलग दिसते. रंगीत प्रिंटरचा जांभळा रंग निळ्या आणि गुलाबी बारीक ठिपक्यांचा असतो. कृष्णधवल झेरॉक्सवर मात्र या खुणा बहुतेक पुसल्या जातात. फसवणाऱ्याला तीच सोयीची, म्हणून केवळ झेरॉक्सवर व्यवहार करू नये.

चिकटवलेला शिक्का म्हणजे बनावट पत्रच, असे मात्र नाही. स्वतःच्या शिक्क्याचे चित्र संस्थेचे पदाधिकारीही वापरतात. परवानगीवाचून खोटा दस्तऐवज रचला आणि तो खरा म्हणून वापरला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३३६ आणि ३४० लागू होऊ शकतात. त्यामुळे शंका आल्यास पत्रावरील जावक क्रमांक व तारीख घेऊन संस्थेच्या कार्यालयात जावे आणि जावक नोंदवहीत त्या क्रमांकापुढे कोणाचे नाव व कोणता विषय लिहिला आहे, ते सचिवांकडून पाहून घ्यावे.