तारा कोसळतो तेव्हा

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळाशाळांत मुलांची भाषणं होतात. विषय कृष्णविवराचा असला की ती हटकून ‘सगळं गिळणारा राक्षस’ इथे येऊन अडकतात. तो राक्षस बाजूला ठेवून प्राथमिकच्या मुलांना सांगता येईल, असं हे एक छोटं भाषण.

बालमित्रांनो, तारा म्हणजे तापलेल्या वायूचा भलामोठा गोळा. आपला सूर्यही ताराच. या गोळ्यात जन्मभर रस्सीखेच चाललेली असते. गुरुत्वाकर्षण सगळा वायू आत ओढतं आणि पोटातली उष्णता त्याला बाहेर ढकलते. दोघंही तुल्यबळ, म्हणून तारा टिकून राहतो.

ही उष्णता येते कुठून? ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम बनतो, त्यातून. सूर्याचा हायड्रोजन अजून सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल. पण सूर्याच्या वीस-पंचवीसपट वजनाचा तारा भारी उधळ्या! एखाद्या कोटी वर्षांतच त्याचा साठा संपतो. मग तो हेलियमपासून कार्बन बनवतो, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन, आणि शेवटी लोखंड. हो, आपला तवा ज्याचा असतो तेच लोखंड! इथे गाडी थांबते. लोखंडापासून पुढचं काही बनवायला गेलं तर उष्णता मिळत नाही, उलट खर्चच होते.

आता आतून ढकलणारं कोणी उरत नाही. पृथ्वीएवढा लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. बाहेरचे थर बहुतेकदा स्फोट होऊन उधळले जातात. कधी तेही आतच पडतात. काही वेळा न्यूट्रॉन नावाचे कण हे कोसळणं थोपवतात. पण मागे उरलेला गाभा तीन सूर्यांहून जड असेल, तर त्यांचंही काही चालत नाही. गाभा आक्रसतच जातो आणि शेवटी त्याच्या ओढीतून प्रकाशालाही निसटता येत नाही. झालं कृष्णविवर! दहा सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर जेमतेम साठ किलोमीटर रुंद असतं, म्हणजे साधारण पुणे ते लोणावळा.

मग न दिसणारी ही वस्तू सापडते कशी? हंस तारकासमूहात एक निळा तारा साडेपाच दिवसांत एक फेरी मारतो, पण ज्याच्याभोवती तो फिरतो ते दुर्बिणीतून दिसत नाही. ताऱ्याचा वायू तिकडे ओढला जातो, आत पडता पडता प्रचंड तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते १९६४ साली रॉकेटवरच्या उपकरणांनी टिपले. त्या अदृश्य जोडीदाराचं वजन सुमारे २१ सूर्यांएवढं निघालं, म्हणून ते कृष्णविवरच.

आता तुमच्या मनातला प्रश्न: आपल्या सूर्याचं असं होईल का? नाही, तेवढं वजनच त्याच्याकडे नाही. समजा, सूर्याच्या जागी त्याच्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं, तरी ते पृथ्वीला गिळणार नाही. अंधार होईल, कडाक्याची थंडी पडेल, पण पृथ्वी आजच्यासारखीच ३६५ दिवसांत त्याच्याभोवती फेरी मारत राहील.