कमान उंच, तर रिंग मोठी

बास्केटबॉलच्या रिंगचा आतला व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर असतो आणि पुरुषांच्या सामन्यातल्या चेंडूचा सुमारे २४. पाहणाऱ्याला जागा ऐसपैस वाटते, पण एवढी जागा फक्त सरळ वरून पडणाऱ्या चेंडूला मिळते. गोल ताट वरून पाहिलं तर गोल दिसतं आणि नजर खाली आणत गेलं की चपटं होत जातं. तिरप्या येणाऱ्या चेंडूसमोर रिंगही अशीच चपटी होते. तिची डावी-उजवी रुंदी तेवढीच राहते, मात्र पुढच्या आणि मागच्या कडेमधली वाट अरुंद होते.

चेंडू जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून आला तर ही वाट ३२ सेंटिमीटरच्या आसपास उरते. म्हणजे चेंडूखेरीज आठ सेंटिमीटर मोकळे. ३५ अंशांवर जेमतेम दोन सेंटिमीटर मोकळे राहतात. ३२ अंशांच्या खाली वाट चेंडूपेक्षाही अरुंद होते आणि कडेला न लागता चेंडू आत जाणं अशक्य होतं.

आता एक जम्प शॉट घेऊ. खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेजवळ उडी मारतो, चेंडू हातातून सुटतो तेव्हा तो जमिनीपासून २.४५ मीटर उंच आणि रिंगच्या मध्यापासून ४.२ मीटर दूर आहे. रिंग ३.०५ मीटरवर. हवेचा थोडासा अडथळा बाजूला ठेवून गणित केलं, तर ४५ अंशांनी आत शिरण्यासाठी चेंडू सुमारे ५२ अंशांनी वर सोडावा लागतो. त्याला वेग लागतो सेकंदाला ६.९२ मीटर, आणि कमानीचा माथा रिंगच्या वर साधारण ९० सेंटिमीटर जातो.

हाच चेंडू सपाट, ३५ अंशांनी आत येईल असा फेकला तर वेग लागतो ६.९४ मीटर. उंच कमानीला जास्त जोर लागतो, असं अनेक खेळाडूंना वाटतं. या अंतरावर तरी तसं होत नाही. सपाट फेकीत ताकद वाचत नाही, फक्त वाट अरुंद होते.

मग कमान आणखी उंच का करू नये? ६५ अंशांनी आत येणारा चेंडू घ्या. त्याच्यासाठी वाट खूपच रुंद असते, पण वेग सुमारे १४ टक्क्यांनी जास्त द्यावा लागतो आणि माथा पाच मीटरच्या वर जातो. खरी अडचण हाताच्या चुकीची आहे. सोडताना कोन एका अंशाने जास्त झाला, तर ५२ अंशांची फेक दोन-अडीच सेंटिमीटर आखूड पडते. ही चूक रिंग पोटात घालते. अति उंच फेक मात्र तेवढ्याच चुकीने १४ सेंटिमीटर आखूड पडते आणि रुंद वाटेचा सगळा फायदा गमावते. म्हणून आत शिरण्याचा ४५ अंशांच्या आसपासचा कोन हा चांगला तोल आहे.

इतकं करूनही काही चेंडू कडेला लागणारच. तिथे बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, कामाला येते. मनगट खाली झटकलं आणि चेंडू बोटांच्या टोकांवरून शेवटी सुटला, की त्याचा वरचा भाग खेळाडूकडे आणि खालचा भाग रिंगकडे फिरू लागतो. असा चेंडू मागच्या कडेवर टेकला, की घर्षण त्याला मागे खेचतं, पुढचा वेग कमी होतो आणि तो बाहेर उसळण्याऐवजी रिंगवर रेंगाळतो. बोर्डवर आदळला तर त्याची पुढची बाजू वर सरकत असते, त्यामुळे घर्षण त्याला खाली, जाळीकडे ढकलतं.

पण पुढच्या कडेवर हीच फिरकी नडते, कारण तिथेही ती चेंडूला मागे, म्हणजे रिंगबाहेरच खेचते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातले लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाऊ ट्रान यांनी फ्री थ्रोच्या असंख्य फेकी संगणकावर तपासल्या. त्यांचा सल्ला होता: चेंडू ५२ अंशांनी सोडा, फिरकी सेकंदाला तीन फेऱ्यांची द्या आणि नेम मध्याच्या थोडा मागे, मागच्या कडेच्या बाजूला धरा.

आपली फेक तपासायची असेल तर मोबाइल बाजूला, रिंगच्या समोर नव्हे, ठेवून चित्रण करावं. माथा रिंगच्या वर दोन फुटांपेक्षा कमी जात असेल तर फेक सपाट आहे. बहुतेकदा चेंडू कपाळासमोरून पुढे ढकलला जात असतो किंवा थकलेले पाय पुरेशी उडी देत नसतात. फिरकी चेंडूच्या शिवणींवरून कळते. शिवणी एका पट्ट्यात सरळ मागे फिरायला हव्यात. त्या डगमगत असतील तर आधार देणाऱ्या हाताचा अंगठा चेंडूला बाजूने ढकलतो आहे का, ते आधी पाहावं.