घराचं लाकूडकाम : भाग ७ – फुगलेलं दार आणि फुगलेलं कपाट

कोकणातल्या जुन्या घरात जुलै महिन्यात सागवानी दार चौकटीत अडकतं आणि फेब्रुवारीत तेच दार विनातक्रार लागतं. सिंकखालच्या एमडीएफच्या कपाटाची खालची कड मात्र एकदा फुगली की फुगलेलीच राहते. दोन्हीला आपण ‘फुगलं’च म्हणतो, पण आत घडतं ते अगदी वेगळं.

अखंड लाकूड हवेतला ओलावा घेतं तेव्हा ते लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. सागाच्या लाकडातला ओलावा एक टक्का वाढला की रुंदी ढोबळ मानाने ०.२ टक्के वाढते. ४०० मिलिमीटर रुंद फळीत पावसाळ्यात ओलावा चार टक्के वाढला, तर फळी सुमारे तीन मिलिमीटर रुंदावेल. म्हणूनच जाणता सुतार पॅनलच्या दारात मधली फळी खाचेत सैल बसवतो, तिला सरस लावत नाही. लावला तर उन्हाळ्यात आकसताना ती चिरते. आणि जुलैत अडकलेल्या दारावर लगेच रंधा मारायला सांगू नका. हिवाळ्यात तिथे फट दिसेल.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, रेझिन घालून गरम दाबाखाली चेपलेले. पार्टिकल बोर्डात तंतूंऐवजी भुसा आणि ढलप्या असतात. पाणी शिरलं की हे चेपलेले कण आपली मूळ जाडी परत घेऊ पाहतात आणि तसं करताना आपसातला चिकटा तोडतात. वाळल्यावर पाणी जातं, तुटलेला चिकटा काही जुळत नाही. त्या जागी बिजागरीचा स्क्रूही धरत नाही. वरून सनमायका लावला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पाणी शिरतं ते उघड्या कडेतून. बहुतेक वेळा ती कड तळाची असते, कारण तिथे कोणी वाकून पाहत नाही.

कोरड्या खोलीत, रंग मारायच्या छोट्या शटरला एमडीएफ उत्तमच. तिथे सागाचा हट्ट मला उधळपट्टी वाटते. पण सात फुटी वॉर्डरोबच्या शटरला ब्लॉकबोर्ड घ्यावा. त्याच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. त्या शटरच्या उंचीच्या दिशेने आल्या तर दार सरळ राहतं. शीट वाचवायला सुताराने त्या आडव्या घेतल्या, तर तेच दार वाकू शकतं.

दुकानदार जे सांगतो तेच दिलंय का, हे ओळखायचं तर तयार शटरची बिजागरी सोडवा. कप बिजागरीसाठी पाडलेल्या ३५ मिलिमीटरच्या भोकात बोर्डाचं पोट उघडं दिसतं. एकसारखा तपकिरी, पुठ्ठ्यासारखा गुळगुळीत काप दिसला तर एमडीएफ, खरबरीत ढलप्या दिसल्या तर पार्टिकल बोर्ड आणि लाकडाचे रेषे दिसले, वर पातळ थर असला, तर ब्लॉकबोर्ड.

(पुढील आठवड्यात : प्लायवूड)