फाटका कोपरा आणि उसना चेहरा

जुने फोटो दुरुस्त करणाऱ्यांना गिऱ्हाईक एक वाक्य हमखास ऐकवतं: “आजीचा पासपोर्टचा फोटो आहे ना, त्यातला चेहरा काढून इथे बसवा. आजी तर तीच आहे!” कुटुंबाच्या जुन्या ग्रुप फोटोचा वरचा कोपरा फाटून गेलेला असतो, त्याबरोबर कडेला उभ्या असलेल्या आजीचा अर्धा चेहरा गेलेला असतो, आणि दुसऱ्या फोटोतून तो अर्धा भाग कापून चिकटवला की काम झालं, असं घरच्यांना मनापासून वाटत असतं. हे काम तसं होत नाही. तसं केलेले फोटो भिंतींवर भरपूर दिसतात, आणि त्यांतली आजी जवळच्या माणसालाच ओळखू येत नाही.

नेहमी दिसणारी परिस्थिती उदाहरण म्हणून घेऊ. फोटो 1935 च्या सुमाराचा, स्टुडिओतला. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे उभ्या. आपल्या उजव्या हाताला, अगदी टोकाला, तिशीतली आजी. आपली उजवी म्हणजे तिची डावी बाजू, आणि कोपऱ्याबरोबर नेमकी तीच गेली आहे: डावा डोळा, डावा कान, डाव्या नाकपुडीतली नथ. उजवा डोळा, नाकाचा शेंडा, ओठांचा उजवा कोपरा, हनुवटी आणि अर्धं कुंकू शिल्लक आहे. घरात तिचे आणखी तीन फोटो सापडतात. एक लग्नानंतरचा जोडीचा, एक कुणाच्या तरी मुंजीतला, ज्यात ती लहानशी दिसते, आणि एक 1970 चा ओळखपत्राचा.

सगळ्यात स्पष्ट ओळखपत्राचाच असतो, म्हणून घरचे तोच पुढे करतात. चेहऱ्याची ठेवण घ्यायला मात्र तिघांत तोच सर्वांत निरुपयोगी.

पहिलं कारण अंतराचं. सात-आठ माणसं एका फोटोत घ्यायची तर कॅमेरा बराच मागे ठेवावा लागतो, ओळखपत्राच्या फोटोसाठी तो जवळ येतो. कॅमेरा जितका जवळ, तितकं नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी 2018 मध्ये याचं गणित मांडलं: 5 फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे 30 टक्के जास्त दिसते. ओळखपत्राचा फोटो इतक्या जवळून काढत नाहीत, पण फरक त्याच दिशेने पडतो.

दुसरं कारण वयाचं. सुरकुत्या पुसता येतात, कान पुसता येत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 1995 साली 206 जणांच्या मोजमापांवर आधारलेला एक छोटा अभ्यास छापून आला होता. तिशीनंतर कानाची लांबी वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटर वाढत जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. पस्तीस वर्षांत हे साडेसात मिलिमीटरच्या आसपास जातं. साधारण सहा सेंटिमीटरच्या कानात एवढा फरक डोळ्यांत भरतो. म्हणजे पासष्टीच्या आजीचा कान तिशीच्या आजीला लावला की चेहरा बिघडलाच.

तिसरं कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या काळी स्टुडिओत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसत नसे. त्यामुळे अशा फोटोत कुंकू जवळजवळ काळं येतं आणि ओठही गडद येतात. 1970 च्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच कुंकू करडं उतरतं. नव्या फोटोतलं कपाळ जुन्यात बसवलं तर एकाच कुंकवाचा अर्धा भाग काळा आणि अर्धा फिका दिसेल.

मग करायचं काय? मूळ फोटोत जे उरलं आहे तेच मोजमाप धरायचं. उजव्या डोळ्याचा आतला कोपरा, ओठांचा कोपरा आणि हनुवटी या तीन खुणा घ्यायच्या. जोडीचा फोटो वेगळ्या लेयरवर ठेवून निम्मा पारदर्शक करायचा आणि तिन्ही खुणा जुळेपर्यंत लहानमोठा करायचा. हनुवटी जुळली पण भुवई वर गेली, तर त्या फोटोत मान वेगळ्या कोनात आहे किंवा कॅमेरा वेगळ्या उंचीवर आहे. अशा वेळी ताणून बसवण्याचा मोह आवरायचा. ताणलेला चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. त्या फोटोतून मग फक्त डोळ्याचा आकार आणि भुवईचं वळण घ्यायचं, आणि बाकीचं हाताने रंगवायचं.

उजेड तपासायला नाकाची सावली बघावी. आपल्या उदाहरणात खिडकी आपल्या डावीकडे आहे, त्यामुळे हरवलेली बाजू सावलीतली आहे. मुंजीच्या फोटोत उजेड त्याच बाजूने येत असेल, तर गालावर सावली कुठे सुरू होते आणि पदराची कड कानाजवळ कशी पडते, हे त्या लहानशा आकृतीतूनही कळतं. ओळखपत्राच्या फोटोतून एवढंच घ्यायचं: कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, आणि कुठे तीळ आहे का. कुंकवाचा काळेपणा मूळ फोटोतल्या उरलेल्या अर्ध्या भागातूनच उचलायचा. शेवटी ग्रेन जुळवायचा. उसना तुकडा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत किंवा रेखीव दिसला, तर जोड लगेच उघडा पडतो.

याचंच भावंड म्हणजे “उरलेली बाजू उलटी करून जोडा” हा सल्ला. कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. आपल्या आजीचा उजेडातला गाल सावलीच्या बाजूला येईल आणि नथीची बाजू नथीविना राहील. जोडीचा फोटो अख्खा उलटा केला, तर नथ उजव्या नाकपुडीत जाईल. अब्राहम लिंकनचं एक गाजलेलं पूर्णाकृती चित्र असंच उघडं पडलं. जॉन कॅल्हून या दुसऱ्याच नेत्याच्या धडावर लिंकनचं डोकं उलटं करून बसवलेलं होतं. गालावरचा तीळ चुकीच्या बाजूला आहे, हे छायापत्रकार स्टीफन लोरांट यांच्या लक्षात आलं.

बाकीचे समज थोडक्यात. काळा-पांढरा फोटो ग्रेस्केलमध्ये स्कॅन करावा, असं नाही. रंगीत स्कॅन केला तर पिवळे डाग लाल चॅनेलमध्ये फिके पडतात आणि निम्मी सफाई तिथेच होते. डीपीआय वाढवला म्हणून फोटोत नसलेला तपशील उगवत नाही. सहा-आठ इंची प्रिंटला 600 बहुधा पुरतात. फाटलेला तुकडा सापडला तर सेलोटेप लावू नये. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. जुन्या फोटोतली नितळ त्वचा खरीच होती, असंही नाही. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग होत असे.

आणि “आता फोटो मूळचा झाला” हा समज. तो मूळचा होत नाही. नथीचा आकार जोडीच्या फोटोवरून आला आहे, डाव्या डोळ्यातला भाव अंदाजाने. रोममधल्या चित्र-संवर्धन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी याच प्रश्नावर एक रीत रुजवली: चित्राचा गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र पूर्ण दिसतं आणि जवळ गेलं की नवा भाग ओळखू येतो. घरच्या फोटोत रेघा मारायची गरज नाही. न बदललेला स्कॅन टिफ फाइल म्हणून वेगळा ठेवावा, आणि दुरुस्त प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने लिहावं: “वरचा उजवा कोपरा, डावा डोळा, कान आणि नथ नव्याने भरले, आधार: जोडीचा, मुंजीचा आणि 1970 चा फोटो.”