क्रिएटिनिन वाढले, तरी लॅसिक्स चालूच का?

हृदयविकाराचा रुग्ण सुजलेले पाय आणि धाप घेऊन रुग्णालयात दाखल होतो. अंगात साठलेले पाणी लघवीवाटे काढण्यासाठी शिरेतून फुरोसेमाइड, म्हणजेच लॅसिक्स, सुरू होते. सूज ओसरू लागते आणि तिसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते. नातेवाईक घाबरून विचारतात, "डॉक्टर, औषधाने किडनी खराब होतेय का?" कित्येकदा याच भीतीपोटी औषध थांबवले जाते आणि रुग्ण अर्धवट सुजलेल्या अवस्थेत घरी जातो.

हृदय आणि किडनी एकमेकांना कशी खाली ओढतात, हे कळले की या प्रश्नाचे उत्तर सापडते. या दुखण्याला कार्डिओरीनल सिंड्रोम म्हणतात. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. हृदय थकले की हा पुरवठा घटतो. शरीरात पाणी कमी पडले आहे असा किडनीचा समज होतो आणि ती मीठ-पाणी धरून ठेवते. त्या जादा पाण्याचा भार पुन्हा थकलेल्या हृदयावरच पडतो.

पुरवठा घटणे हेच एकमेव कारण, असे बराच काळ मानले जाई. पण किडनीतून बाहेर पडणाऱ्या रक्ताची वाटही तितकीच महत्त्वाची असते. निचरा तुंबलेल्या शेतात कितीही पाणी सोडले तरी पीक सडतेच. तसेच हृदयाच्या उजव्या बाजूला दाब वाढला की रक्त शिरांमध्ये तुंबते, किडनीवर आतून दाब येतो आणि गाळण मंदावते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. किडनी बिघडण्याशी हृदयाच्या पंपाच्या ताकदीपेक्षा शिरांमधल्या वाढलेल्या दाबाचा संबंध अधिक ठळक दिसला. अशा रुग्णाचे पाणी काढणे हा त्याच्या किडनीवरचाही उपचार ठरतो.

समजा, 64 वर्षांच्या एका बाई दाखल झाल्या आहेत. एरवी वजन 61 किलो, आज 68. घरी त्या लॅसिक्सच्या गोळ्या रोज एकूण 80 मिलिग्रॅम घेतात, पण आतडीही सुजल्याने गोळी नीट शोषली जात नाही. एरवी 1.2 असणारे क्रिएटिनिन 1.6 झाले आहे. डॉक्टर 80 मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि दोन तासांनी लघवीतले सोडियम तपासतात. ते 38 निघते. 50 ते 70 च्या खालचा आकडा म्हणजे डोस पुरेसा नाही. म्हणून पुढचा डोस दुप्पट होतो आणि लघवी मोकळी सुटते.

तिसऱ्या दिवशी वजन 65, क्रिएटिनिन 1.9. इथे आकड्याआधी रुग्णाकडे पाहावे लागते. मानेची शीर अजून फुगलेली आहे, पायाला बोट दाबले की खड्डा पडतो, रक्तदाब ठीक आहे, हातपाय उबदार आहेत. म्हणजे पाणी शिल्लक आहे आणि औषध चालू राहायला हवे. सहाव्या दिवशी वजन 61.5 होते, क्रिएटिनिन 1.7 वर स्थिरावते आणि औषध गोळ्यांवर येते.

या धोरणाला आधार देणारी 'डोस' नावाची चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या 308 रुग्णांपैकी काहींना नेहमीइतकाच, तर काहींना अडीचपट डोस दिला गेला. मोठ्या डोसच्या गटात क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण जास्त होते: 23 टक्के, तर दुसऱ्या गटात 14. पण 60 दिवसांनंतर दोन्ही गटांच्या किडनीच्या कामात फरक उरला नाही.

मात्र तेच 1.9 वेगळ्या रुग्णात वेगळा अर्थ घेऊन येते. वजन नेहमीपेक्षा खाली, जीभ कोरडी, मानेची शीर सपाट, उभे राहताच चक्कर. इथे पाणी गरजेपेक्षा जास्त निघाले आहे आणि डोस कमी करायलाच हवा. रक्तदाब घसरलेला, हातपाय थंड आणि सूज तशीच असेल, तर हृदयाचा पंपच कमी पडतो आहे. तिथे नुसते लॅसिक्स वाढवून भागत नाही. पोटॅशियमवरही रोज लक्ष ठेवावे लागते, कारण ते लघवीतून निघून जाते आणि फार घसरले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

घरी परतल्यावर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली तर डॉक्टरांना कळवावे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर गोळी तशीच चालू ठेवावी का, हेही लगेच विचारावे. सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी दुकानातून परस्पर आणू नये. ती किडनीचा रक्तपुरवठा घटवते आणि मीठ-पाणी पुन्हा साठवू लागते.