स्थानांचा संच आणि यंत्राची अवस्था

‘अबबअ’ या शब्दात चार स्थाने आहेत. कोणत्या स्थानी कोणते अक्षर आहे आणि कोणते स्थान कोणाच्या आधी येते, एवढेच तर्कसूत्राला विचारता येते. मग ‘अ सम वेळा येतो’ हे कसे सांगायचे? एकेकट्या स्थानांबद्दल बोलून ते जमत नाही. स्थानांच्या संचाबद्दल बोलावे लागते. सूत्र म्हणते: असा एक संच आहे की पहिले स्थान त्यात असते ते तिथे अ असेल तरच, पुढे प्रत्येक अ-पाशी सदस्यत्व उलटते, ब-पाशी तसेच राहते, आणि शेवटचे स्थान संचाबाहेर असते. ‘अबबअ’साठी तो संच म्हणजे १, २, ३.

हा संच म्हणजे दोन अवस्थांच्या ऑटोमॅटनचा प्रवासच: ‘विषम’ अवस्था जिथे जिथे होती, ती स्थाने. कोणत्याही ऑटोमॅटनचे असेच सूत्र होते.

उलट दिशेने सूत्र तुकड्यातुकड्याने ऑटोमॅटनमध्ये बदलते. ‘असा संच आहे’ म्हणजे यंत्राने तो अंदाजाने निवडणे. ‘नाही’साठी मात्र आधी अंदाज काढून टाकावा लागतो आणि n अवस्थांच्या 2ⁿ होऊ शकतात, नकार आणि संच आलटून पालटून आले की ही वाढ घातांकावर घातांक चढवते. ब्यूखी, एल्गॉट आणि त्राख्तेनब्रॉट यांनी १९६०च्या सुमारास ही जुळणी स्वतंत्रपणे सिद्ध केली.