तीन सेकंदांची मिसळ

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तीन सेकंदांत सुमारे ८३ मीटर पुढे जाते. चालकाची नजर रस्त्यावरून फलकाकडे वळते ती तेवढ्यापुरतीच, आणि ती त्याहून जास्त रेंगाळूही नये. म्हणून होर्डिंगच्या मजकुराची खरी मर्यादा फलकाच्या आकारापेक्षा या वेळेची असते.

समजा, एका हॉटेलमालकाने लिहून दिले: ‘आमच्याकडे अस्सल कोल्हापुरी पद्धतीची झणझणीत मिसळ मिळेल. स्वच्छ शौचालय व प्रशस्त पार्किंगची सोय. संपर्क...’ यात वाईट काही नाही, पण चालक दुसऱ्या ओळीपर्यंत पोचतच नाही. फोन नंबर तर स्टिअरिंग धरलेल्या माणसासाठी निरुपयोगीच. मी उरवीन ते एवढेच: ‘झणझणीत मिसळ. २ किमी, डावीकडे.’ काय, किती लांब, कुठे वळायचे. वेग कमी करून लेन बदलायला मिनिटभर मिळते, म्हणून २ किमी. फलक हॉटेलसमोरच लावला तर वाचेपर्यंत वळण मागे पडते.

देवनागरीची आणखी एक गरज आहे. वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून ओळींत अंतर जास्त सोडावे लागते. ते वाचवायला ओळी चिकटवल्या की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला भिडते, आणि बारीक जोडाक्षरे तर लांबून नुसते डाग दिसतात.

तपासणी सोपी आहे. १२ मीटर रुंद फलक १०० मीटरवरून जेवढा दिसतो, तेवढाच १२ सेंटिमीटरचा कागद एक मीटरवरून दिसतो. छापा, मजकूर माहीत नसलेल्या माणसासमोर तीन सेकंद धरा आणि विचारा, कुठे वळायचे?